ॲप म्हणतं ३ अंश, मग रस्त्यावर बर्फ कसा?

(ताज्या भागाचं लिखित रूप. ऐकताना जे आकडे निसटले असतील, ते इथे निवांत वाचा.)

आज मी पुण्यातून नाही, मोताळ्याहून बोलतोय. घरून काम चालू आहे, बाहेर गहू गुडघ्याएवढा झालाय, मागे मोटारपंपाचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळे सुचला. माझा आतेभाऊ, वय वर्षं बावीस, पुढच्या आठवड्यात मित्रांसोबत मनालीला चाललाय. तिथे बाइक भाड्याने घेऊन सोलंग आणि अटल टनेलपर्यंत जायचा बेत. मी म्हटलं, "अरे, जानेवारीत बाइक नको, रस्त्यावर बर्फ असतो." त्याचं उत्तर आलं, "दादा, मी ॲपमध्ये बघितलं ना. दुपारी ४ वाजता ३ अंश दाखवतंय. पाणी शून्याला गोठतं, ३ ला थोडीच गोठणार?"

शाळेच्या पुस्तकाप्रमाणे त्याचं बरोबर आहे. पण दोन वर्षांपूर्वी मीही हाच हिशेब केला होता, त्याच भागात, टॅक्सीच्या पुढच्या सीटवर बसून. डॅशबोर्डवर ३ अंश, ऊन नुकतंच डोंगराआड गेलेलं, रस्ता नुसता ओला दिसत होता. देवदाराच्या सावलीतलं एक वळण आलं, त्यापुढे छोटा पूल. पुलावर गाडी अलगद आडवी झाली. ब्रेकचा आवाज नाही, टायरचा आवाज नाही, काहीच नाही. कठड्याला मागचा दिवा घासून आम्ही थांबलो. कुणाला लागलं नाही. ड्रायव्हर खाली उतरला, बुटाने रस्ता घासला आणि म्हणाला, "ये पानी नहीं है, साहब." तो काचेसारखा पातळ बर्फ होता. खालचं काळं डांबर आरपार दिसतं, म्हणून त्याला ब्लॅक आइस म्हणतात.

तर प्रश्न असा, की हवा ३ अंश असताना रस्ता शून्याखाली कसा जातो?

तो ३ नक्की कुठला आहे?

पहिली गोष्ट, फोनवरचा आकडा तुमच्या फोनने मोजलेला नसतो. तो जवळच्या केंद्रांच्या नोंदी आणि हवामानाचं मॉडेल यांतून काढलेला असतो. मी कामासाठी ओपन-मेटिओ नावाची हवामानाची मोफत सेवा वापरतो. तिच्यात तापमानाच्या फील्डचं नावच `temperature_2m` आहे. २ मीटर! म्हणजे जमिनीपासून साधारण डोक्याच्या थोडं वरच्या हवेचं तापमान. त्याच सेवेत `soil_temperature_0cm` असं वेगळं फील्ड आहे, जमिनीच्या पृष्ठभागासाठी. दोन फील्डं वेगळी ठेवावी लागली, कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वेधशाळेतही तसंच. जागतिक नियमानुसार हवेचं तापमान जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजतात. तेसुद्धा पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. थॉमस स्टीव्हन्सन हे स्कॉटलंडमधले दीपगृहं बांधणारे इंजिनिअर, लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे वडील. पेटी कशासाठी? तर थर्मामीटरला ऊन लागू नये आणि त्याला उघडं आकाशही दिसू नये. त्याने फक्त हवेचं तापमान सांगावं. आणि नेमकं जे थर्मामीटरपासून झाकून ठेवलंय, तेच रस्त्याला रात्रभर दिसत असतं: उघडं आकाश.

पत्रा, गहू आणि डांबर

कोरोनाच्या वेळी कपाळावर धरायची ती बंदूक आठवते? ती तुम्हाला न शिवता तुमच्या त्वचेतून निघणारी उष्णतेची किरणं मोजायची. तशीच, पण कारखान्यात वापरतात त्या प्रकारची बंदूक माझ्याकडे आहे. ती उणे आकडेही दाखवते. कपाळवाली ते करत नाही, म्हणून ती वापरायला जाऊ नका.

परवा पहाटे साडेपाचला ती घेऊन बाहेर पडलो. आकाश स्वच्छ, वारा अजिबात नाही. उंचावर सावलीत टांगलेला साधा थर्मामीटर ९ अंश दाखवत होता. गोठ्याचा जुना, गंजलेला पत्रा निघाला ४. गव्हाची पानं ५. आणि घरासमोरचं डांबर? १२! एकाच अंगणात, एकाच वेळी, हवेपेक्षा पाच अंश गार आणि तीन अंश गरम अशा दोन्ही वस्तू. म्हणजे पृष्ठभाग हवेपेक्षा नेहमी गारच असतो असंही नाही. तो फक्त वेगळा असतो.

पत्रा हवेपेक्षा गार कसा झाला? प्रत्येक वस्तू सतत किरणांच्या रूपात उष्णता बाहेर टाकत असते. भिंत भिंतीकडे टाकते, तेव्हा समोरूनही तेवढीच परत येते. पण पत्रा आकाशाकडे तोंड करून आहे. ढग असतील तर ढग बरीचशी उष्णता परत पाठवतात, जणू गोधडी पांघरलीय. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर परत येणारी उष्णता खूप कमी असते. पत्र्याचा खर्च चालू, जमा कमी. शिल्लक घटत जाते, आणि तो भोवतीच्या हवेपेक्षाही गार होतो.

मग डांबर का नाही झालं? तेही आकाशाकडेच बघतंय. फरक एवढाच, की पत्र्याखाली नुसती हवा आहे आणि डांबराखाली अख्खी जमीन. दिवसभराच्या उन्हाने रस्ता आतपर्यंत तापतो आणि रात्री ती साठवण हळूहळू वर येते. पत्रा म्हणजे महिनाअखेरचं रिकामं खातं. डांबर म्हणजे फिक्स्ड डिपॉझिट असलेला माणूस.

महाबळेश्वरला गाडीवर बर्फ, रस्त्यावर नाही

आता ही बातमी आठवा. थंडीचा कडाका आला की महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात 'हिमकण'. फोटो ठरलेले: गाड्यांच्या टपावर पांढरा थर, गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, तलावाच्या जेटीच्या फळ्यांवर. गावातल्या वेधशाळेचा आकडा मात्र बहुतेक वेळा शून्याच्या बराच वर असतो. मग लोक भांडतात, की एवढ्या तापमानाला बर्फ होतच नाही, फोटो खोटे आहेत.

फोटो खरे, आकडाही खरा. दोन कारणं आहेत. एक, गार हवा जड असते आणि पाण्यासारखी उतारावरून खाली येऊन खोलगट जागेत साचते. वेण्णा तलाव तसाच खोलगट भागात आहे. बुलढाण्याहून पहाटे राजूर घाट उतरून मोताळ्याकडे बाइकवर आला असाल, तर खालच्या नाल्यापाशी गुडघ्यांना अचानक गारवा झोंबतो, तो हाच. दुसरं कारण, गाडीचं टप, गवताचं पातं आणि फळी या सगळ्या आपल्या गोठ्यातल्या पत्र्याच्या जातीच्या वस्तू. पातळ, खालून आधार नसलेल्या. तलावाजवळची हवा ३-४ अंशांवर आली, की या वस्तू शून्याखाली जाऊ शकतात, आणि त्यांच्यावरचं दव गोठतं.

पण त्या फोटोंत डांबरी रस्ता पाहा. काळाच असतो. महाराष्ट्रातल्या रस्त्याकडे जमिनीतलं डिपॉझिट भरपूर आहे. म्हणून इथे हिमकण टपावर थांबतात, टायरखाली येत नाहीत. आपल्याला ब्लॅक आइसची सवय नाही, याचं कारण आपल्याकडे थंडी कमी आहे एवढंच नाही. आपला रस्ता आतून ऊबदार आहे.

पुलावरचा हिशेब

आता मनालीच्या त्या पुलावर परत या. चटईएवढा, म्हणजे एक चौरस मीटर रस्ता घ्या. त्यावर वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचा ०.१ मिलिमीटर थर आहे. म्हणजे फक्त १०० मिलिलिटर, अर्धा कप चहा. पाणी शून्य अंशांपर्यंत आलंय, वरची हवा ३ अंश, वारा नाही. पुढचे आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण बरोबर आहे.

शून्य अंशांचा पृष्ठभाग दर सेकंदाला साधारण ३१५ ज्यूल, म्हणजे ३१५ वॅट उष्णता बाहेर टाकतो. निरभ्र, कोरडं आकाश त्यातले समजा २३५ परत देतं. तूट ८० वॅटची. आता जमा बघू. वरची हवा ३ अंशांनी गरम आहे, पण वारा नसताना हवा फार कंजूष असते. ती जेमतेम १५ वॅट देते. हवा उष्णतेची चांगली वाहक नाही, म्हणून तर स्वेटर चालतो.

उरला जमिनीचा आधार. सावलीतला रस्ता महिनाभर उन्हाला पारखा, त्याचं डिपॉझिट जवळपास संपलेलं. तो समजा २० वॅट देतो. निव्वळ तूट ४५ वॅट. शून्य अंशांचं १०० मिलिलिटर पाणी गोठवायला साधारण ३३ हजार ज्यूल काढून घ्यावे लागतात. ३३ हजाराला ४५ ने भागा: ७३० सेकंद, म्हणजे १२ मिनिटं. हवा ३ अंश असताना!

पुलावर खालून जमीन नाहीच, हवा आहे. ते २० वॅटही गेले असं धरा. तूट ६५ वॅट, वेळ साडेआठ मिनिटं. म्हणून पूल रस्त्याच्या आधी गोठतो. वळणापर्यंत रस्ता ओला असतो, पुलावर तोच रस्ता काच झालेला असतो, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

हाच हिशेब ढगाळ संध्याकाळी मांडा. आकाशाने ३१५ पैकी ३१० परत दिले, तर तूट फक्त ५ वॅट, आणि हवेचे १५ वॅट ती सहज भरून काढतात. पाणी पाणीच राहतं. तापमान तेच ३ अंश, ॲपवरचा आकडा तोच, पण काल बर्फ होता आणि आज नाही.

आणि वर माठाचा परिणाम

एक खर्च मी मुद्दाम मागे ठेवला होता. उन्हाळ्यात माठातलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गार कसं होतं? झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी, तितका माठ गार.

ओला रस्ता म्हणजे आडवा पसरलेला माठ. डोंगरात दुपारनंतर हवा कोरडी असू शकते. हवा ३ अंश आणि आर्द्रता ४० टक्के असेल, तर त्या हवेत ओलं ठेवलेलं पृष्ठ साधारण उणे दीड अंशापर्यंत उतरू शकतं, आकाशाच्या मदतीशिवाय, केवळ बाष्पीभवनाने. आपल्या पुलाच्या हिशेबात सांगायचं तर हवेकडून १५ वॅट मिळतात, आणि बाष्पीभवनात त्याच्या दुप्पट निघून जातात.

त्यामुळे वाऱ्याबद्दल सरसकट काही सांगता येत नाही. दमट हवेतला वारा वरची गरम हवा खाली आणतो आणि रस्त्याला वाचवतो. कोरड्या हवेतला वारा ओल्या रस्त्याला आणखी गार करतो, जसा वाऱ्याच्या खिडकीत ठेवलेला माठ जास्त गार होतो. फक्त तो पाणी लवकर उडवूनही टाकतो. रस्ता कोरडा झाला की गोठायला काही उरत नाही. बर्फाला दोन गोष्टी लागतात: शून्याखालचा पृष्ठभाग आणि पाणी. मनालीच्या रस्त्याला पाणी पुरवतं दुपारचं ऊन. कडेचे बर्फाचे ढीग वितळतात, पाणी रस्त्यावरून वाहतं, आणि ऊन कललं की वरचा हिशेब सुरू होतो. म्हणून आमच्या आतेभावाची दुपारी चारची वेळ तिथे अजिबात सुरक्षित नाही.

मग ओळखायचं कसं?

गाडीचा थर्मामीटर उपयोगी आहे, पण तो बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरपाशी बसवलेला असतो आणि हवाच मोजतो. ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं तर इंजिनाच्या उष्णतेने तो जास्तही दाखवतो. मात्र बऱ्याच गाड्या ३ किंवा ४ अंशांवर बर्फाच्या फुलाचं चिन्ह दाखवून टिंग करतात. शून्यावर नाही, ३-४ वर. गाडी बनवणाऱ्यांनी हा सगळा हिशेब आधीच धरलाय. ते चिन्ह दिसलं की 'अजून तीन अंश बाकी आहेत' असं समजू नका. 'आता रस्त्यावर बर्फ असू शकतो' एवढाच त्याचा अर्थ.

थंड देशांत काही हमरस्त्यांवर तापमान मोजणारे सेन्सर थेट डांबरात पुरलेले असतात, किंवा खांबावरून इन्फ्रारेडने रस्ता मोजतात. माझी बंदूक त्याच कामाचा छोटा अवतार. डांबरावर आणि बर्फावर ती बऱ्यापैकी चालते. चकचकीत स्टीलवर मात्र फसते, कारण तिथे ती धातूऐवजी त्यात पडलेलं आकाशाचं प्रतिबिंब मोजते. शिवाय स्वस्त बंदुकीत दोन अंशांचा फरक सहज पडतो. रस्ता १ अंश दिसला तर तो शून्याखाली आहे असंच धरा. आणि तिने मोजलेला आकडा तेवढ्याच जागेचा. पुढच्या पुलाबद्दल ती काही सांगत नाही.

उपकरणाशिवायही खुणा आहेत. उभ्या गाड्यांच्या टपावर, कठड्यांवर, पाट्यांवर पांढरी साय दिसली, तर पत्र्याच्या जातीच्या वस्तू शून्याखाली गेल्यात. पुढचा नंबर पुलाचा आणि सावलीतल्या रस्त्याचा. रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाण्याचे तुषार उडत नाहीत? मग ते पाणी नाही. ओल्या रस्त्यावर टायरचा जो सळसळ आवाज येतो, तो अचानक बंद झाला, तरी तेच. आमच्या गाडीत ती शांतता मला आधी छान वाटली होती.

काय फरक पडतो, तेही बघा. ताशी ४० किलोमीटर वेगाला कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते. बर्फावर टायरची पकड सुमारे सातवा हिस्सा उरते, त्यामुळे तीच गाडी ६० मीटरच्या वर जाते. चारचाकीत ॲक्सिलरेटर हळूच सोडा, स्टीअरिंग सरळ ठेवा, जोरात ब्रेक मारू नका, गाडीला पूल ओलांडू द्या. बाइकवर एवढी सवड नसते. चाक सरकलं की माणूस रस्त्यावर.

हे सगळं मी आतेभावाला फोनवर सांगितलं. पुलाचा हिशेब त्याने स्वतः कॅल्क्युलेटरवर करून पाहिला. मग थोडा वेळ गप्प. शेवटी म्हणाला, "दादा, म्हणजे ॲप खोटं बोलत नव्हतं, मी चुकीचा प्रश्न विचारत होतो." बाइकचा बेत रद्द झालाय. स्थानिक ड्रायव्हर, चाकांना साखळ्या असलेली गाडी, सकाळी ऊन रस्त्यावर आल्यावर निघायचं आणि ऊन जायच्या आत हॉटेलवर, असं ठरलं. बंदूक मात्र माझी घेऊन चाललाय. पुलावर धरून फोटो पाठवायचं कबूल केलंय, गाडीतून उतरून, कडेला उभं राहून.

फोटो आला की पुढच्या भागात आकडा सांगतो. तोवर तुमच्या गावात पहाटे पत्र्यावर आणि गाडीच्या टपावर हात ठेवून बघा, मग डांबरावर ठेवा. हातालाही फरक कळतो. भेटू पुढच्या रविवारी!